छातीखालचं, जांघेतलं लाल पुरळ आणि गावाकडून आणलेली ट्यूब

(क्रॉयडनमध्ये केअर होममध्ये आणि घरोघरी जाऊन काम करणाऱ्या मराठी केअरर मंडळींच्या रविवारच्या बैठकीत एका नर्सताईंनी केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. बोलण्यातल्या लकबी तशाच ठेवल्या आहेत.)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपण चारचौघांत काढत नाही. छातीखाली, पोटाच्या घडीत, जांघेत खाज सुटते, कातडी लाल होते, ओली होते, वास येतो. बाई असो की पुरुष, आपण गप्प बसतो, आणि कुणीतरी गावाकडून आणलेली ट्यूब गुपचूप लावतो. म्हणून मागे बसलेल्या भावांनो, तुम्हीही ऐका. तुमचं छातीखाली नसेल, जांघेत असेल, पण गोष्ट तीच आहे.

एका ताईंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. त्या केअरर म्हणून इकडे आल्या २०२२ साली. त्याच वर्षी फेब्रुवारीत केअररना हेल्थ अँड केअर व्हिसावर यायला परवानगी मिळाली होती. त्यांना काम मिळालं ते घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायचं, कपडे बदलायचं. आणि त्याच वर्षी जुलैत ती गरमी आली. १९ जुलैला या देशात पहिल्यांदा पारा ४० च्या वर गेला, हीथ्रोला ४०.२ नोंदला गेला. आपण म्हणतो, आम्ही विदर्भातले, सोलापूरचे, आम्हाला काय चाळीसचं कौतुक! पण तिकडे पंखा असतो, खिडकी उघडी असते, अंगावर सुती असतं. इकडे ताईंच्या अंगावर पॉलिस्टरचा ट्यूनिक, त्यावर प्लास्टिकचा एप्रन, आणि आंघोळ घालायची ती बंद बाथरूममध्ये, गरम पाण्याच्या वाफेत. क्रॉयडनची हवा मुंबईइतकी दमट नसेल, पण त्या एप्रनच्या आत मुंबईच असते. दिवसाला आठ-दहा घरं. बदलायला दुसरं ब्लाउज नाही, बसायला जागा नाही.

चौथ्या दिवशी त्यांच्या दोन्ही छात्यांखाली चुरचुरायला लागलं. त्यांना वाटलं घामोळं. त्यांनी वासाची पावडर भरपूर मारली. ती घामात भिजून तिचे गोळे झाले आणि ते घासायला लागले. आठवड्यात तिथली कातडी ओली, झोंबणारी झाली आणि घडीच्या तळाशी चीर पडली.

हे का होतं ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. दोन कातड्या एकमेकींना चिकटून राहतात तिथे घाम उडून जाऊ शकत नाही. खूप वेळ भांडी घासली की बोटं कशी पांढरी, सुरकुतलेली, मऊ होतात? घडीतली कातडी तशीच होते. मऊ झालेली कातडी चालताना घासते आणि सोलवटते. इथपर्यंत जंतू नसतो, नुसता ओलावा आणि घर्षण असतं. पण आपल्या सगळ्यांच्या अंगावर कॅन्डिडा नावाची एक बुरशी थोडीफार असते. तिला ओली, उबदार, सोललेली जागा मिळाली की ती वाढते. म्हणजे हा घाणेरडेपणाचा रोग नाही. ताई दिवसातून दोनदा आंघोळ करत होत्या. अंग धूत होत्या, पण घडी कोरडी होत नव्हती.

आता ओळखायचं कसं? पुस्तकात 'लाल' लिहिलेलं असतं, पण ते बहुतेक गोऱ्या कातडीचं वर्णन असतं. आपल्या सावळ्या कातडीवर ते जांभळट, तपकिरी, कधी आजूबाजूपेक्षा नुसतं गडद दिसतं. म्हणून रंगावर जाऊ नका, तीन गोष्टी बघा.

पहिलं, नुसतं घासून झालेलं पुरळ घडीच्या दोन्ही बाजूंना आरशासारखं सारखं असतं. शाई सांडलेला कागद मिटून उघडल्यावर कसा दिसतो, तसं. दुसरं, त्यात कॅन्डिडा शिरली की जागा ओली, मांसल दिसते, चिकट पांढरा थर येतो, आणि मुख्य चट्ट्याच्या कडेबाहेर लहान लहान पुटकुळ्या सुट्या विखुरलेल्या दिसतात. या सुट्या पुटकुळ्या ही कॅन्डिडाची मोठी खूण. तिसरं म्हणजे गजकर्ण, आपण नायटाही म्हणतो. ते जांघेत सुरू होऊन मांडीवर खाली पसरतं. त्याची कड उठलेली, खवल्यांची असते, आणि मधला भाग त्या मानाने बरा दिसतो. पुरुषांमध्ये ते बहुधा मांडीवर पसरतं, अंडकोषाची पिशवी सोडून देतं. ते पुष्कळदा पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांतून वर येतं. म्हणून जांघेत गजकर्ण असेल तर पायाची बोटं बघा. दोन्हीवर उपचार केला नाही तर ते परत येतंच. आणि चड्डी घालण्याआधी मोजे घाला, म्हणजे पायाची बुरशी कपड्यातून जांघेला लागत नाही.

आणखी एक सांगते, कारण आपण एका खोलीत तिघं-चौघं राहतो. खाज रात्री जास्त होत असेल, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, छातीखाली, कमरेलाही असेल, आणि खोलीतल्या दुसऱ्यालाही खाजत असेल, तर ती खरूज असू शकते. तिचं औषध वेगळं, आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं.

बरं, ताईंकडे परत येऊ. त्यांच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे गावाहून आणलेली एक ट्यूब होती. तिकडे औषधाच्या दुकानात सहज मिळते, स्वस्त असते. ताईंनी लावली, आणि दोन दिवसांत जादू झाली! खाज गेली, लाली गेली. पाचव्या दिवशी बंद केली. आठवड्याने पुरळ परत आलं, पहिल्यापेक्षा मोठं. परत लावली, परत बरं. असं सहा आठवडे चाललं. शेवटी चट्टा घडी सोडून पोटाकडे उतरला, आणि तिथे कातडीवर चमकदार पातळ रेघा उमटल्या.

मी ती ट्यूब हातात घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. तीत तीन औषधं एकत्र होती: एक बुरशीचं, एक जंतूंचं, आणि तिसरं क्लोबेटासोल. मंडळी, हे नाव लक्षात ठेवा. स्टेरॉइड मलमांच्या सगळ्यात जहाल वर्गातलं हे औषध आहे. स्टेरॉइड शरीराची चीड शांत करतं, म्हणून खाज आणि लाली लगेच जाते. पण बुरशीशी लढते ती शरीराची हीच चीड. ती शांत झाली की बुरशीला रान मोकळं मिळतं. शिवाय घडीतली कातडी मुळातच पातळ, वरून झाकलेली, त्यामुळे तिथे औषध जास्त शोषलं जातं. कातडी आणखी पातळ होते, रेघा पडतात. त्या रेघा पुढे फिक्या होतात, पण पूर्ण जात नाहीत.

गजकर्णावर हीच ट्यूब लावली तर त्याची ती ओळखीची उठलेली कडच नाहीशी होते आणि डॉक्टरलाही ओळखू येत नाही. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत हट्टी गजकर्णाची जी साथ पसरली, तिच्यामागे या मिश्र मलमांचा मोठा हात आहे असं तिकडचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. त्यांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ साली सरकारने पुष्कळशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी दुकानात काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. या साथीतल्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावही मिळालं. हिच्यावर नेहमीचं टर्बिनाफिन पुष्कळदा चालत नाही. ती आता ब्रिटनमध्येही सापडते. म्हणून गजकर्ण असेल तर जीपीला आपण होऊन सांगा की मी भारतातून आलो, तिकडची अशी अशी ट्यूब लावली, घरात अजून कुणाला आहे. मग ते कातडीचा खरवडा काढून तपासायला पाठवू शकतात. ट्यूब लपवू नका, सोबत न्या.

घरी जाऊन तुमच्याकडच्या ट्यूबची मागची बाजू वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन, यातलं काही असेल तर ती घडीतल्या पुरळाची ट्यूब नाही. इकडचे डॉक्टरही कधी बुरशीच्या औषधात सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मिसळलेलं मलम देतात, पण ते थोड्या दिवसांसाठी आणि बघून. दुकानातून नुसतं हायड्रोकॉर्टिसोन घेऊन जांघेत लावू नका, त्याच्या डब्यावरच तसं लिहिलेलं असतं. आणि कुणी महिनोन्‌महिने जहाल ट्यूब लावत असेल, तर बंद केल्यावर काही दिवस आग होऊन सगळं उसळू शकतं. अशांनी एकट्याने धीर धरत बसू नका, जीपीला दाखवा.

मग ताईंनी काय केलं? इथे त्यांच्या नोकरीचा प्रश्न आला, म्हणून नीट ऐका. त्यांच्या एका क्लायंट आजींनाही, वय ऐंशीच्या पुढे, छातीखाली तसंच पुरळ होतं. आजी म्हणाल्या, तुझ्याकडे काही आहे का गं? ताईंच्या पर्समध्ये ती ट्यूब होती. त्यांनी ती लावली नाही, आणि फार बरं केलं. क्लायंटच्या मार चार्टवर, म्हणजे औषधांच्या नोंदीच्या कागदावर, जे नाही ते आपण लावायचं नाही. चांगल्या मनाने लावलं तरी नाही. उद्या आजींची कातडी बिघडली तर प्रश्न तुम्हालाच विचारतील, आणि नोकरीवर व्हिसा टांगलेला असताना ते परवडत नाही.

ताईंनी मला फोन केला, आणि दोघींचं वेगवेगळं काम सुरू झालं.

आधी आजींचं. छाती हळूच उचलायची, कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवायचं, साबण वासाचा नको. मग पुसायचं, पण घासून नाही, टिपून. घडीच्या तळापर्यंत टिपायचं. मग दोन मिनिटं तशीच उचलून हवा लागू द्यायची. घाईत हेच राहतं. पंधरा मिनिटांच्या भेटीत आंघोळ, कपडे, नाश्ता, गोळ्या, आणि घडी मात्र ओलीच झाकली जाते. ताईंनी त्या दिवशी नोंदवहीत लिहिलं: 'दोन्ही छात्यांखाली कातडी ओली, लाल, उजवीकडे एक चीर. धुऊन टिपून कोरडी केली, दहा मिनिटं जास्त लागली. ऑफिसला सकाळी साडेनऊला कळवलं.' बस, तीन वाक्यं. पण या तीन वाक्यांनी तीन कामं झाली. नर्स येऊन बघून गेली, मलम मार चार्टवर आलं, आणि भेटीची वेळ वाढवून मागायला ऑफिसकडे कागद झाला. शिवाय 'केअररने लक्ष दिलं नाही' असं म्हणायला जागा राहिली नाही. दिसलं ते लिहा, वेळ लिहा, कुणाला सांगितलं ते लिहा. रोगाचं नाव लिहू नका, ते नर्सचं काम. हातमोजे प्रत्येक क्लायंटला नवे, एप्रनही. आणि या हातमोज्यांचे, एप्रनचे पैसे मालकाने तुमच्याकडून घ्यायचे नाहीत. १९७४ च्या सुरक्षा कायद्याप्रमाणे ते त्यानेच द्यायचे असतात.

आता ताईंचं स्वतःचं. त्यांना वाटत होतं, जीपीकडे गेलं की व्हिसाचं काही निघेल. तसं नाही. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला व्हिसा दाखवावा लागत नाही, पत्त्याचा पुरावा नसला तरी नोंदवतात, आणि जीपीला दाखवायचे पैसे नाहीत. बाई डॉक्टर मागता येते, दुभाषा फुकट मागता येतो. साध्या पुरळासाठी आधी फार्मसीत जा. तिथे आत एक छोटी खोली असते, 'खासगीत बोलायचं आहे' एवढं म्हटलं की आत नेतात. पण ताईंनी सहा आठवडे स्टेरॉइड लावलं होतं, म्हणून त्यांना मी थेट जीपीकडे पाठवलं.

जीपीने कॅन्डिडा सांगितली आणि एक टक्क्याचं क्लोट्रिमाझोल दिलं. हे तुम्हाला फार्मसीत चिठ्ठीशिवायही मिळतं, आणि पुष्कळदा चिठ्ठीच्या ९.९० पौंडांपेक्षा स्वस्त पडतं, तेव्हा आधी किंमत विचारा. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर फार्मासिस्टला ते आधी सांगा. लावायचं कसं? धुऊन, टिपून, पूर्ण कोरडं झाल्यावर, एका बाजूला वाटाण्याएवढं, पातळ पसरून, दिवसातून दोन-तीनदा. जाड थर लावला तर तोच ओलावा धरून ठेवतो. चट्ट्याच्या कडेबाहेर थोडं पुढेपर्यंत लावायचं, कारण त्या सुट्या पुटकुळ्या तिथे असतात. आणि पुरळ दिसेनासं झालं की थांबायचं नाही. आणखी साधारण दोन आठवडे लावायचं. गजकर्णाला मलम आणि मुदत वेगळी असू शकते, ती फार्मासिस्टकडून विचारून घ्या.

पण नुसत्या मलमाने ताई बऱ्या झाल्या नसत्या. ओलावा तसाच राहिला तर पुरळ परत येतं. त्यांनी जुन्या मऊ सुती ओढणीच्या पट्ट्या कापल्या. घडीत एक पट्टी ठेवायची, तिचं टोक थोडं बाहेर राहील अशी, म्हणजे कपडा घाम बाहेर ओढतो. भिजली की बदलायची. टिश्यू नको, तो विरघळून चिकटतो. पिशवीत एक जादा सुती ब्रा ठेवली, मापाची, तार नसलेली, आणि दुपारच्या सुट्टीत बदलली. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर सलग वीस मिनिटांची सुट्टी कायद्याने आहे, ती याच कामी आली. घरी आल्यावर ब्रा काढून दहा मिनिटं पाठीवर पडून पंख्याची हवा. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर आणि लांबून. टॉवेल स्वतःचा वेगळा, सुती कपडे आणि टॉवेल ६० अंशावर धुवायचे. मालकाकडे त्यांनी तीन ट्यूनिक मागितले, दोन मिळाले.

काय लावायचं नाही तेही सांगते, कारण घरून फोनवर सल्ले येतात. खोबरेल लावू नका, तेल ओलावा आत कोंडतं. डेटॉल, लिंबू, मीठ लावू नका, सोललेल्या कातडीची आग होते. हळद लावली तर खालचा रंग दिसत नाही आणि डॉक्टरला कळत नाही.

पुरळ पाच-सहा आठवड्यांत पूर्ण गेलं. मागे काळपट डाग राहिला. आपल्या कातडीवर तो राहतोच, काही महिन्यांनी फिका होतो. डाग म्हणजे रोग नव्हे, त्यावर परत मलम चोळू नका. फक्त खाज, ओल, नव्या पुटकुळ्या आल्या तर समजायचं की परत आलं.

आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षातही आली नसती. जीपीने विचारलं, तहान लागते का, रात्री लघवीला उठता का? ताई म्हणाल्या, हो, पण ते उन्हाळ्यामुळे. रक्त तपासलं, एचबीएवनसी ४८ च्या वर, म्हणजे मधुमेहाच्या रेषेपलीकडे. साखर वाढलेली असली की कॅन्डिडाला फावतं, आणि पुरळ परत परत येतं. आपल्याकडच्या लोकांना मधुमेह लवकर आणि कमी वजनावरही होतो. म्हणून हे पुरळ वर्षात दोन-तीनदा आलं, किंवा नीट औषध करूनही दोन आठवड्यांत फरक नाही, तर 'माझी साखर तपासा' असं स्पष्ट म्हणा.

शेवटी, थांबायचं नाही ते कधी. चट्टा गरम, दुखरा होऊन तासातासाला पसरतोय, पू येतोय, ताप भरलाय, तर त्याच दिवशी जीपी, नाहीतर १११ ला फोन. जांघेत किंवा गुप्तांगापाशी दिसतं त्यापेक्षा फार जास्त दुखत असेल, सूज असेल, कातडी काळी पडत असेल, आणि त्यातून मधुमेह असेल, तर सरळ ९९९. आणि घडीत नाही, तर एकाच छातीवर लाली, सूज, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, किंवा गाठ असेल, तर ते आजच्या विषयातलं पुरळ नाही. मलम न लावता जीपीला दाखवा.

ताई आजही त्याच भागात काम करतात. परवा म्हणाल्या, आजींच्या भेटीची वेळ आता पंधराची तीस मिनिटं झाली आहे. त्या तीन वाक्यांपासून ते सुरू झालं.

आता चहा घेऊ. कुणाला ट्यूब दाखवायची असेल तर मी त्या कोपऱ्यात बसते, एकेक जण या. बाकीच्यांनी तिकडे बघायचं नाही!